गेरूच्या खालचा पाय

अक्काचा फोन आला तो शुक्रवार होता. मी जळगावला ऑफिसच्या वाटेवर होते. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. अमळनेरजवळच्या खेड्यात तिचं कपाशीचं शेत. तिला साखरेचा आजार. शिवाय पाटाच्या पाण्यात उभं राहून पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. त्या तिला कायमच असत, म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नसे.

"उजवा पाय लाल व्हयेल शे," ती म्हणाली. "तपी राहिना. राती थंडी वाजीसन ताप उना."

"गरम आहे, तापही आला, मग लाली कुठपर्यंत आहे?"

"घोट्यापाशी. तू कसाले येस? गेरू लाया शे, उतरी जाई."

आमच्याकडे पाय असा लाल, गरम झाला की त्याला धावरं म्हणतात. गेरू उगाळून जाड लेप द्यायचा आणि तीन दिवस पाणी लावायचं नाही, ही रीत. माझ्या आईनेही केलेली. मी डायरी उघडली. शनिवारी बँक आणि गॅस. रविवारी मुलीला बघायला पाहुणे. सोमवारी रजा होतीच. तिथे लिहिलं : अक्काला डॉक्टर. चौथ्या क्रमांकावर.

मी तिला तसं सांगितलं. ती हसली. "तुनी यादीमा मना नंबर कितवा?"

"चौथा."

"मंग बरं शे. पाचवा रहाता तं मरी जाती."

शनिवारी आणि रविवारी मी फोन केला. दोन्ही वेळा दाजींनी, तिच्या नवऱ्याने, उचलला. ताप आहे, पण लाली दिसत नाही, म्हणाले. मला बरं वाटलं. लाली का दिसत नाही, हे मी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी पोहोचले तेव्हा ती खाटेवर होती आणि मला आई समजून बोलत होती. पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गेरूने माखलेला, वाळून भेगाळलेला. गेरू तांबडाच, त्याच्या खालची लाली कुणाला दिसणार? मी कोमट पाण्याने तो भिजवून उतरवला. दाजी म्हणाले, "शनिवारी वरपर्यंत नवा लेप दिलाय, तीन दिवस पूर्ण झाले नाहीत अजून." मी थांबले नाही. खाली कातडी ताणून चकचकत होती. मध्ये जांभळा, काळसर पट्टा, त्यावर पाण्याचे फोड. लाली गुडघ्याच्या वर गेली होती. जांभळ्या जागी बोट लावलं तर तिला कळतच नव्हतं. त्याच्या कडेला मात्र नुसता हात नेला तरी ती ओरडत होती.

गाडी करून अमळनेरला नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कालच्यापेक्षा किती वाढलंय?"

"काल तर वर गेरू होता," दाजी म्हणाले.

त्यांनी बॉलपेनने मांडीवर लालीच्या कडेने रेघ ओढली, सलाईन आणि इंजेक्शन लावलं, चिठ्ठी लिहिली. रुग्णवाहिका येईपर्यंत तास गेला. लाली रेघेच्या बाहेर दोन बोटं आली होती.

"धुळ्याला. थांबू नका," ते म्हणाले. मग मला बाजूला घेऊन, "बोटांमधल्या भेगेतून जंतू शिरलेत. शुक्रवारी आणलं असतंत तर बहुधा गोळ्यांवर भागलं असतं. पाय उंच ठेवायला सांगून घरी पाठवलं असतं मी."

धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया केली. मेलेली कातडी आणि खालचं मांस काढलं. रक्तदाब उतरलेला, लघवी जवळजवळ बंद. दोन दिवसांनी पुन्हा आत नेलं. त्या वेळी पाय गुडघ्याच्या वरून काढला. संमतीचा कागद दाजींनी माझ्याकडे सरकवला, तेव्हा मी सही केली आणि वेळ लिहिली. सवय.

अक्का वाचली. शेत आता बटाईने दिलंय. मी शुक्रवारीच न आल्याबद्दल तिला वर्षभर मला काही बोलायचं होतं असं मला वाटे. ती बोलली नाही.

गेल्या हिवाळ्यात दाजींचा फोन आला. डाव्या पायाला घोट्याजवळ तळहाताएवढी लाली, गरम, अंगात कसर. तेव्हा माझ्या हातात कणीक होती. "गेरू लावू नका," मी म्हणाले, "पेनने कडेने रेघ ओढा आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे न्या. मी तिथेच येते." कणीक तशीच झाकून बसस्टँड गाठलं.

दुपारपर्यंत गोळ्या सुरू झाल्या होत्या. तिचा पाय उशांवर उंच ठेवून मी तीन दिवस तिच्याजवळ राहिले. रोज सकाळी आम्ही दोघी रेघ बघत होतो. तिसऱ्या दिवशी लाली रेघेपासून आत सरकली. मग मी बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसून तिथे मलम लावलं.

अक्का उशीला टेकून माझ्याकडे बघत होती.

"आज कितवा नंबर व्हता मना?"

"यादी केली नाही आज," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि उजव्या बाजूची सपाट चादर नीट केली.