पंधराव्या खाटेची ओळ

रुग्णालयाच्या नोंदणीखोलीतल्या बाईंना सगळे यादीबाई म्हणत. बावीस वर्षं रोज सकाळी बायकांच्या वॉर्डची यादी नीटनेटकी करून स्वयंपाकघरात धाडायची, हेच त्यांचं काम. मथळा ठळक, चौकटी, रकान्यांची रुंदी. आणि कुणी दगावलं, तर त्याच्या खाटेची ओळ करडी. करड्या ओळीला ताट जात नसे.

महिन्यापूर्वी भाचीनं संगणकावर शिकवलं, "मावशी, मॅक्रो रेकॉर्ड कर. एकदा हातानं करायचं, मग कळ दाबली की तो जसंच्या तसं करतो."

बाईंनी रेकॉर्डिंग सुरू करून त्या दिवशीची यादी सावकाश सजवली. त्या पहाटे पंधराव्या खाटेवरच्या आजी गेल्या होत्या, म्हणून तीही ओळ करडी केली आणि मग रेकॉर्डिंग थांबवलं. दुसऱ्या दिवसापासून कंट्रोल आणि क्यू दाबलं की अर्ध्या तासाचं काम चुटकीसरशी! यादी तपासायची गरजच काय? हातच्या कांकणाला आरसा कशाला!

मग बाईंची थोरली बहीण पोटाच्या ऑपरेशनसाठी भरती झाली. खाट मिळाली पंधरावी. डॉक्टर म्हणाले, आता अंगात ताकद आली तरच निभावेल.

तिसऱ्या दिवशी बाई भेटायला गेल्या. ताईचे डोळे खोल गेले होते.

"जेवलीस का गं?"

"कुठलं? मला वाटलं पथ्य असेल. पण ती ताटवाली माझ्याकडे बघतसुद्धा नाही गं. शेजारणीला वाढते, पलीकडच्या बाईला वाढते, आणि इथून अशी जाते, जणू मी खाटेवर नाहीच."

बाईंना यादी आठवली. धावत जाऊन त्यांनी सकाळची मूळ यादी उघडली, कळ दाबली. पडदा क्षणभर लुकलुकला. सतरावी ओळ करडी. वर दोन ओळी मथळ्याच्या, म्हणजे पंधरावी खाट. ओळीत ताईचं नाव. त्यांनी 'मागे घ्या' दाबून पाहिलं, पण मॅक्रोनं केलेलं मागे येईना. मग त्यांनी मॅक्रोचा मजकूर उघडला. ओळ सतरा निवडा, करडा रंग भरा. नाव कुणाचंही असो, त्याला ओळीचा आकडा तेवढा ठाऊक होता.

त्यांनी ती वाक्यं पुसली. स्वतः ताट नेलं आणि ताईला घास भरवले. ताई जेवली, तेव्हा त्यांना रडू आवरेना.

परत येऊन त्यांनी महिन्याभराच्या याद्या उघडल्या. त्या आजींनंतर, ताईआधी, त्या खाटेवर पाच जणी येऊन गेल्या होत्या. तिघी घरी गेल्या. दोघी दगावल्या.

त्या दोघी दगावल्या त्या दिवशी ओळ रंगवायला बाई बसल्या होत्या, तेव्हा ती आधीच करडी होती. आपणच मघाशी रंगवली असेल, असं समजून बाई पुढे गेल्या होत्या.