ताईंची बारा पानं आणि एक पान

आमच्या कंपनीत ताईंना कोणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. वयाने मोठे असलेलेही ताईच म्हणायचे, मीसुद्धा. कंपनी मिक्सर, पंखे, कपडे धुण्याची यंत्रं विकते. ताई सुरुवातीला तक्रारींचे फोन घ्यायला लागल्या. पुढे तक्रारी लेखी येऊ लागल्या, मग त्यांची उत्तरं संगणकच लिहू लागला, आणि ती उत्तरं धड आहेत का हे तपासणारं आणखी एक यंत्र आलं. त्या तपासनीस यंत्राची सगळी देखभाल ताईंकडे. त्यांचा हुद्दा विश्लेषक. स्वतःबद्दल सांगताना मात्र त्या म्हणायच्या, "मी परीक्षकाची परीक्षक. पगार एकाच परीक्षकाचा."

काम सांगायला सोपं होतं. निकषांची एक फाइल. तिच्यात एकेक निकष साध्या वाक्यात लिहिलेला: ग्राहकाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर आहे का, कंपनीला पाळता येणार नाही असं वचन दिलंय का, वगैरे. यंत्र ही फाइल आणि एक उत्तर वाचतं आणि प्रत्येक निकषापुढे तीन रकाने भरतं. निकाल, म्हणजे योग्य, अयोग्य किंवा शंका. मग कारण. मग पुरावा, म्हणजे उत्तरातलं नेमकं वाक्य जसंच्या तसं. 'शंका' आलेलं उत्तर माणसाकडे जातं.

यंत्राच्या खोडी ताईंना पाठ होत्या. लांबलचक उत्तर दिसलं की ते खूश होतं. दोनदा माफी मागितली की विरघळतं. "अगदी माझ्या मामेसासऱ्यांसारखं," ताई म्हणायच्या. फाइलीत चौथ्यानंतर एकदम सहावा निकष का, असं मी एकदा विचारलं होतं. गाळलेला क्रमांक मला बघवत नाही. पाचवा निकष रद्द झाला, पण जुन्या निकालांवर पाचाचा आकडा आहे, तो दुसऱ्याला दिला तर जुने निकाल खोटे बोलायला लागतील, असं त्यांनी समजावलं. रद्द झालेला पावती क्रमांक पुन्हा वापरत नाहीत, हे मी कॉमर्सला शिकलो होतो. तेव्हापासून त्यांच्या कामाबद्दल मला आपुलकी वाटू लागली.

या ताई नोकरी सोडणार होत्या. दुसऱ्या शहरात त्यांच्या मोठ्या बहिणीने सायकलींचं दुकान घेतलं होतं, विक्री आणि दुरुस्ती दोन्ही. पाटीवर 'दोघी बहिणी' असं रंगवूनही झालं होतं. सोमवारी दुकान उघडणार होतं. बहिणीचा रोज फोन यायचा आणि रोज तीच धमकी: सोमवारी आली नाहीस तर माझ्या दिराला भागीदार करते, पाटी काय, पुन्हा रंगवता येते. या दिराने आयुष्यात एकही धंदा धड केलेला नव्हता, पण तो फुकट उपलब्ध होता.

अडचण आमच्या विभागप्रमुख मॅडमची होती. नव्या माणसाने एक पूर्ण हप्ता, म्हणजे आठवड्याची सगळी उत्तरं, एकट्याने तपासून दाखवल्याशिवाय ताईंना मोकळं करायचं नाही, असं त्यांनी मला लेखी कळवलं. मोकळं करण्याचं पत्र मी काढतो, म्हणून.

नवा माणूस हिशेब विभागातून आला होता. रोज कडक इस्त्रीत यायचा, म्हणून ताईंनी पहिल्याच दिवशी त्याला नवरदेव केलं. त्याच्यासाठी त्यांनी बारा पानांचं टिपण लिहिलं. मॅडमनी ते हातात तोलून पाहिलं आणि म्हणाल्या, एक पान करा, बारा कोणी वाचत नाही. ताईंनी एक पान केलं. रकाने, फाइलीची जागा, आणि वर ठळक नियम: फाइलीला हात लावलास तर आधी नमुने चालव. नमुने म्हणजे जुनी निवडक उत्तरं, ज्यांचे निकाल माणसांनी बसून ठरवलेले. यंत्राचे निकाल त्यांच्याशी जुळले तरच पुढे जायचं. मात्र खोडी त्या पानावर मावेनात. मग त्यांनी त्या फाइलीतच, ज्या त्या निकषाखाली लिहून ठेवल्या. नवरदेवाला हव्या तिथे सापडतील म्हणून.

गुरुवारी दुपारी नवरदेवाने हप्ता चालवला. एरवी मूठभर येणाऱ्या शंका निम्म्याहून जास्त उत्तरांवर आल्या. मॅडम काचेच्या खोलीतून बाहेर आल्या, पडद्याकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, पत्र थांबवा. ताई उठायला लागल्या तशी मॅडमनी त्यांना बसवलं. एकट्याने म्हणजे एकट्याने. ताई खिडकीशी बसून राहिल्या. फोन वाजला, तो त्यांनी पालथा ठेवला.

नवरदेव घाबरला होता, पण हिशेबातला माणूस बेरीज चुकली की आधी नोंदी वाचतो. त्या एका पानावर शेवटची ओळ होती: निकाल मोजू नकोस, कारण वाच. तो कारणं वाचायला लागला. थोड्या वेळाने त्याने मला बोटाने बोलावलं. चौथ्या निकषापुढे लिहिलं होतं, 'सूचनेनुसार येथे घाई करणे योग्य नाही. ताईंना फोन करावा.' खाली दुसऱ्या उत्तराला, 'ताईंना फोन करावा.' त्याखालीही तेच. पुराव्याचा रकाना सगळीकडे कोरा.

त्याने फाइल उघडली. चौथ्या निकषाखाली ताईंची टीप होती: इथे हे घाई करतं, जपून. शंका आली तर सरळ मला फोन कर. ताई.

"ताई," तो खिडकीकडे वळून म्हणाला, "हे तुम्ही मला लिहिलंय ना?"

"मग काय शेजाऱ्याला?"

"यंत्राने स्वतःला लिहिलंय असं धरलंय. दुपारपासून तुम्हाला फोन करायचा म्हणून बसलंय बिचारं."

ताई धावतच आल्या. पूर्वी टिपेच्या ओळीआधी एक खूण टाकली की प्रोग्राम ती ओळ गाळून बाकीची फाइल यंत्राला द्यायचा. मधे प्रोग्राम बदलला आणि ते गाळणं बंद झालं. तेव्हापासून कोणी टिपा लिहिल्याच नव्हत्या, त्यामुळे कोणाला कळलं नाही. नवरदेवाने टिपांआधीची प्रत काढून नमुने चालवले, जुळले. टिपांसकट चालवले, निम्मे फिसकटले. मग टिपा वेगळ्या फाइलीत हलवल्या, नमुने पुन्हा चालवले आणि त्यानंतरच हप्ता. शंका पुन्हा मूठभर झाल्या.

"एक विचारू का," तो म्हणाला. "टिपा लिहिल्यावर नमुने चालवले होते?"

ताई पडद्यावरची फाइल वरखाली करायला लागल्या.

"नाही म्हणजे, तुमच्या पानावरचा पहिला नियम आहे. ठळक अक्षरात."

"मी निकषाला हातच लावला नव्हता," ताई म्हणाल्या. "नुसत्या टिपा होत्या."

"मी हे उत्तर दिलं असतं तर चाललं असतं तुम्हाला?"

"नवरदेवा, तुझी इस्त्री उतरवीन मी," ताई म्हणाल्या, पण हसत होत्या. त्यांना कोणी त्यांचाच नियम दाखवावा, हे त्या विभागात पहिल्यांदा होत होतं, आणि त्यांना ते आवडलं होतं असं मला वाटतं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी एकच विचारलं, शोधलं कोणी? मी म्हटलं, याने, एकट्याने. ताई तेव्हा खिडकीशी होत्या, मी साक्षीदार. मॅडमनी क्षणभर विचार केला आणि बारा पानं परत मागवली. ती आता टिपांच्या त्या वेगळ्या फाइलीत असतात. मी पत्र टंकून सहीला ठेवलं.

ताईंनी पालथा फोन सुलटा केला. पलीकडून बहिणीचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. ताईंनी तिला बोलू दिलं आणि मग शांतपणे म्हणाल्या, "शनिवारी येते. तुझ्या दिराला सांग, पंक्चर काढायला ये. भागीदारी नाही."

सोमवारी मी सहज ती बारा पानं चाळली. खाली नवरदेवाच्या नेटक्या भाषेत एक खोड वाढली होती: निकषांच्या फाइलीत आपसातलं काहीही लिहू नये. यंत्र ऐकत असतं आणि मनावर घेतं. शंका आल्यास ताईंना फोन करावा. दुकानाचा नंबर पुढे दिला आहे, दुपारी जेवायच्या वेळी करू नये.