दप्तर डोक्यावर बांधून

आमच्या जिल्ह्याचे दोन तुकडे झाल्यानंतरची गोष्ट. लाखांदूरच्या आमच्या शाळेत जुन्या तलावांवर बोलायला एक बाई आल्या होत्या. त्यांचा परिचय मी दोन पानं भरून लिहिला होता: पदव्या, पदं, पुरस्कार. वाचताना दुसरं पान सापडेना. शोधता शोधता तोंडून निघून गेलं, की बाई लहानपणी दप्तर डोक्यावर बांधून तलाव पोहत शाळेत जायच्या. चहा पिताना त्यांनीच मला सांगितलं होतं.

कार्यक्रमानंतर मी सगळ्यांना विचारत सुटले, "कसा झाला परिचय?" जो तो म्हणे, "मस्त!" या "मस्त"चा मला भारी राग येतो, त्यात दुरुस्त करायला काहीच हाती लागत नाही. शेवटी सतरंज्या गोळा करणाऱ्या शाळेतल्या मावशींना वेगळंच विचारलं, "तुम्हाला काय आठवतं?"

"त्या मॅडम तलावातून पोहून जात, दप्तर डोक्स्यावर बांधून," त्या म्हणाल्या. "बाकी तुमी काय वाचून राहिल्या होत्या, मले काई समजलं नाई."

पुढच्या महिन्यात करडी गावच्या शाळेत त्याच बाईंचं भाषण होतं, आणि परिचय पुन्हा माझ्याकडेच. मी पदव्या खोडल्या, एकच ठेवली. सुरुवात तलावापासून केली आणि नाव अगदी शेवटी घेतलं.

बाई उठल्या. बाहेर धानावर दुपार पेंगत होती. पहिल्या रांगेतली एक मुलगी मान उंचावून त्यांच्या केसांकडे बघत होती, अजून ओले आहेत का म्हणून.