सहीनिशी नकार

टेमघरचा सोमा गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. सुपरवायझर मितेशचं रोज तेच टुमणं, "सोमादादा, वरच्या रॅकवरचं खोकं हवंय. हमालाला फोर्कवर उभा कर नि उचल." फोर्कवर, म्हणजे गाडीच्या पुढच्या लोखंडी दातांवर, माणूस चढवू नये, हे भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं. नाही नाही म्हणून सोमाचं तोंड दुखलं होतं.

आज मात्र त्याने चावीच काढली आणि शिफ्टच्या रजिस्टरमध्ये वेळ टाकून लिहिलं, 'मितेश साहेबांनी हमालाला फोर्कवर उचलायला सांगितलं. तो पडेल, नियमातही बसत नाही, म्हणून नकार दिला.' खाली सही ठोकली.

मितेशची तंतरली. "दादा, खोड ना ते! तब्येत बरी नव्हती असं लिही."

"माझी तब्येत ठणठणीत हाय," सोमा खेकसला. "त्या हमालाची पण तशीच राहावी, म्हणून तर लिवलंय!"