सरपंचांच्या मुलीला विचारलेला प्रश्न

नागरी सेवेची मुख्य परीक्षा मी पास झाले, तेव्हा वाशीममधल्या एका अभ्यासिकेने माझी सराव मुलाखत ठेवली. टेबलापलीकडे तिघे होते. मध्ये एक निवृत्त उपजिल्हाधिकारी बाई, एका बाजूला इतिहासाचे प्राध्यापक आणि दुसऱ्या बाजूला अभ्यासिकेचे संचालक. तिघांसमोर मी भरलेल्या सविस्तर अर्जाची प्रत होती. अर्जात जे लिहिलंय त्यावरच बहुतेक प्रश्न येतात, हे मला माहीत होतं.

सुरुवात प्राध्यापकांनी केली. वाशीमचं जुनं नाव त्यांनी विचारलं. मी वत्सगुल्म सांगितलं, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. मग इथे सापडलेल्या ताम्रपटावरून कारभाराबद्दल काय कळतं, असं त्यांनी विचारलं. दान दिलेल्या गावाला कोणत्या करांतून आणि सरकारी माणसांच्या कोणत्या त्रासातून सूट होती ते त्यात लिहिलंय, म्हणजे एरवी हे सगळं गावांना सोसावं लागत असणार, असं मी म्हणाले. ताम्रपटाचं साल मात्र आठवेना. तसं सरळ सांगून टाकलं. बाईंनी मान डोलावली.

मग संचालकांनी माझा अर्ज उचलला. मी आईच्या कामाच्या रकान्यात 'सरपंच' लिहिलं होतं. अनसिंगजवळच्या आमच्या गावात ती महिला राखीव जागेवर निवडून आली होती.

"म्हणजे खरे सरपंच तुमचे वडीलच ना?" ते म्हणाले आणि हसले. प्राध्यापकही हसले.

माझे कान तापले. "सर, तुमच्या घरचा कारभार कोण पाहतं, हे मी विचारलं का?"

 बाईंनी पेन खाली ठेवून मुलाखत तिथेच थांबवली. नंतरच्या चर्चेत त्या म्हणाल्या की दिल्लीतलं मुलाखत मंडळ माहिती तपासत नाही, ती लेखी परीक्षेत तपासून झालेली असते. ते बघतं तुमची सारासार बुद्धी, विचारांची स्पष्टता, प्रामाणिकपणा आणि डिवचल्यावर तोल राहतो का. प्रश्न उद्धट होता, पण विषय खरा होता आणि मी विषयाला हातच लावला नव्हता. संचालकांनी मला बजावलं की मुलींनी असा स्वभाव दिल्लीत दाखवला तर गुण जातात. माझ्या आधी आत गेलेल्या मुलाचे वडील आमदारांचे स्वीय सहायक होते आणि तेही त्याच्या अर्जात होतं. त्याला संचालकांनी क्रिकेटबद्दल विचारलं होतं.

मी अनसिंगची बस पकडली. घरी आल्यावर सगळं आईला सांगितलं. तिला राग येईल असं वाटलं होतं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती, तशीच सोलत राहिली.

"पहिल्या ग्रामसभेत तुहा बापच बोलला, हे खरं हाय," ती म्हणाली. "दुसऱ्या सभेत मी त्याले लोकाईत बसवलं. ग्रामसेवक कागद तुह्या बापाकडे घेऊन जाये, त्याले सांगतलं, सही माही लागते त मले समजावून सांग. हे काहून नाही सांगतलं तू तिथं?"

मी समोर बसून शेंगा सोलायला घेतल्या. आता राग दुप्पट झाला होता. त्या माणसाच्या हसण्यात माझ्या आईचा दुसऱ्या सभेतला दिवस कुठेच नव्हता.

पुढच्या आठवड्यात मी दुसरी सराव मुलाखत मागून घेतली आणि तोच प्रश्न विचारा, असं सांगितलं. संचालकांनी तो विचारला. या वेळी हसले नाहीत. मी म्हणाले, होय, असं होतं, सुरुवातीला आमच्या घरीही झालं. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बायांना एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्राने त्या निम्म्यापर्यंत नेल्या, पण कागद कोणाच्या हातात द्यायचा हे तालुक्याचं कार्यालय ठरवतं. अधिकारी म्हणून मी बैठकीत सरपंचबाईच्या नवऱ्याला तिच्या खुर्चीवर बसू देणार नाही आणि प्रशिक्षण तिला देईन, त्याला नाही. मग आईने काय केलं तेही सांगितलं.

"आता राग गेला," संचालक समाधानाने म्हणाले.

"गेला नाही, सर."

बाई काही लिहीत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि पुढचा प्रश्न जिल्हा परिषदेवर विचारला.

दिल्लीत मंडळाने माझ्याशी अतिशय सभ्यपणे बोलून याहून कठीण प्रश्न विचारले. निकालात माझं नाव खालच्या अंगाला होतं, पण होतं.

निकालानंतर वाशीमला उतरले तर बसस्थानकासमोर मोठा फ्लेक्स लागला होता. माझा फोटो, शेजारी हात जोडलेले संचालक आणि खाली 'सरपंचांची कन्या, आमचे मार्गदर्शन'. मी तशीच अभ्यासिकेत गेले. माझ्या परवानगीशिवाय फोटो लावलाय, आत्ता उतरवा, असं म्हणाले. संचालकांनी चहा मागवला. मी बसले नाही. गावाचा मान आहे, असं ते समजावत राहिले. मी दारात उभी राहिले, शेवटी त्यांनी फ्लेक्स उतरवायला कुणाला तरी फोन केला. बसस्थानकासमोर परत येऊन मी फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या जाईपर्यंत थांबले आणि मग गावची बस पकडली.