तिसाचे पंधरा

लढाई संपली, पलटणीचे कपडे शिवायचं काम बंद पडलं आणि माझी महिन्याची कमाई ऐंशीवरून पस्तिसावर आली. शिलाईयंत्रांच्या कर्जाचा हप्ता मात्र तीस रुपये. त्याच साली बायको गेली.

सांगलीच्या बँकेत म्हटलं, "साहेब, मुद्दल तीनशेसाठ राहिलंय. वर्षाऐवजी दोन वर्षं द्या, महिना पंधरा भरतो. यंत्रं नेऊ नका."

"व्याज वाढेल. आणि जामीनदाराची संमती आणा."

हप्ता अर्धा आणि देणं जास्त, हे डोक्यात शिरेना. जामीनदार सासरे. लेक गेल्यापासून ते माझ्याशी बोलत नव्हते. त्यांच्या गावी, कुंडलला जाऊन कागद पुढं केला. त्यांनी सही केली.

"पावनं, जेवलासा का?" जावयाला मारतात तीच हाक.

यंत्रं राहिली. लेक न्हाई, तरी मी पावना कसा, ते अजून कळलेलं न्हाई.