बैलांची माती

मातीला झोप लागते, असं आमचे मालक म्हणतात. राख-लीद घालून मळलेली माती ओल्या गोणपाटाखाली वर्ष-दोन वर्षं निजली, की हाताला लोण्यासारखी येते. आमच्या अंगणाच्या कोपऱ्यात असा एक ढीग होता, जुन्या तळ्याच्या मातीचा. त्या तळ्यावर आता प्लॉट पडलेत. माती इथं निजलेली आणि तिच्या जागी तिथं माणसं निजतात, असं काहीतरी दुपारच्या पेंगेत माझ्या मनात येत राहायचं.

औरंगपुऱ्यातल्या एका दहीवाल्यानं साठ मडकी सांगितली. सगळी एकसारखी पाहिजेत, कारण स्टीलची झाकणं त्यानं आधीच करून घेतलेली. कंपनीत कामाला असलेला आमचा मुलगा बजाजनगरहून आला आणि बापाला स्पष्ट म्हणाला, "बाबा, हात थकलेत तुमचे. ह्या खेपेला झाकणं बसली नाय, तर चाक विकायचं अन् दोघांनी माझ्याकडं यायचं."

"बरं," एवढंच म्हणाले हे.

मग दहीवाल्यानं दिलेलं नमुन्याचं मडकं मांडीवर घेऊन बसले. त्याच्या तोंडाइतका दोरा कापला. दोऱ्याची तिहेरी घडी, तिची पुन्हा तिहेरी, म्हणजे नऊ भाग. त्यातल्या एका भागाइतकी लांबी वर धरून दुसरा दोरा कापला. ओलं तोंड ह्या लांब दोऱ्याचं, कारण तळ्याच्या मातीचे ओले दहा भाग भाजून नऊ होतात. उंचीचं, पोटाचंही तसंच. भाजलेलं मडकं तराजूत पाऊण किलो भरलं, तर ओला गोळा किलोभर आणि वर छटाक धरला. पाणी उडून जातं, भट्टीतही थोडं वजन जातं. साठांवर सहा फुटीचे, म्हणजे सहासष्ट गोळे. ढिगाभोवती एक चक्कर मारली, गोणपाटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "निघतात."

चाळीस मडकी झाली. सावलीत ओळीनं ठेवलेली, सगळी गोल तोंडं वर करून आभाळाकडं बघतायत अशी. मग ढिगाच्या मागच्या बाजूला ह्यांचा हात गेला, तो कोपरापर्यंत आत! मागून ढीग पोकळ होता.

"काय गं, उंदरानं माती खाल्ली का?"

खोटं कसं बोलू? पोळ्याला गल्लीतली पोरं बैलांसाठी माती मागायला येतात. कुंभाराच्या दारातून त्यांना रिकामं कसं पाठवायचं? मी मागून काढून काढून दिली होती आणि वर गोणपाट नीट ओढून ठेवलं होतं.

ह्यांनी उरलेली माती मोजली. सात गोळे कमी. फुटीचे सहा सोडले तरी एक कमीच.

"परवा ट्रॉलीतनं आलेली नवी माती घ्या की," मी म्हटलं.

"ती लई चिकट. जास्त आकसते. तिच्यावर झाकण डुगडुगंल. अन् आता मिसळावी म्हटलं तर चाळीस होऊन गेलीत."

मग ते चाकापाशी जाऊन बसले, चाक न फिरवता. मला ते बघवेना. घमेलं घेतलं आणि मी त्या पोरांच्या दारोदार निघाले. कच्ची माती किती का वाळंना, पाण्यात घातली की पुन्हा मातीच होते. आणि बैल कुणी भाजलेले नव्हते.

"आज्जी, दिलेलं परत मागतेस व्हय?" एका पोरीनं कमरेवर हात ठेवून विचारलं.

"पक्का करून देते गं. भाजलेला. पावसात बी विरघळणार नाय."

"अन् भिजवताना त्याला गुदमरलं तर?"

"मी जवळ बसते की."

बारा-तेरा जोड्या जमल्या. रंग खरवडला, मणी पुडीत बांधले आणि बैल पाण्यात सोडले. वचन दिलेलं, म्हणून जवळ बसले. आधी शिंगं गेली, मग कान. बारीक बुडबुडे येत होते, जणू कुरणात कुठंतरी सगळे रवंथ करत बसलेत. मला तिथंच डुलकी लागली. जागी झाले तर टोपात नुसती मऊ माती, आणि मालक शेजारी बसून तिच्यात बोट फिरवत होते. म्हणाले, "आपलीच हाय."

राखेवर सुकवून, मळून, तिचे सात गोळे निघाले, वर चिमूटभर उरली. भट्टीत चार मडकी तडकली, बासष्ट निघाली. मुलगा झाकणांची पिशवी घेऊन आला, उकिडवा बसून एकेक बसवू लागला. टक्, टक्. मी साठापर्यंत मोजलं. एकही डुगडुगलं नाही. बैलांची मडकी कुठली, ते आता मलाही ओळखू येत नव्हतं.

मुलगा हात झटकत उठला. "मग चाकाचं काय करायचं, बाबा?"

मालक नव्या मातीची एक पट्टी थापून तिच्यावर दहा रेघा ओढत होते, वाळून-भाजून किती आकसते ते बघायला. मान वर न करता म्हणाले, "पोरांचे बैल द्यायचेत. भाजायचे म्हणजे पोकळ पाहिजेत, अन् बैलाचं पोट चाकावरच निघतं."